‘शुभविवाह’ सगळ्याच फॉन्टात छान दिसतो, तुमची नावं घालून बघा

नमस्कार ताई, भावाचं लग्न २९ नोव्हेंबरला आहे आणि पत्रिकेच्या फॉन्टवरून घरात रोज भांडणं. डिझायनरनं पाच सॅम्पल पाठवलीत: रोझा वन, कलम, टिरो देवनागरी मराठी, यात्रा वन आणि पाचवं एक, ज्याला तो नुसतं ‘मॉडर्न’ म्हणतो, त्याला वरची रेघच नाहीये. आईला पहिलं हवंय, भाऊ पाचव्यावर अडून बसलाय, मला कलम गोड वाटतं, बाबा म्हणतात टिरो तर शाळेच्या पुस्तकासारखं दिसतं पण बाकीचं मला चष्म्यातूनही लागत नाही. कार्ड मरून रंगाचं, त्यावर सोनेरी फॉइल. नवरदेव हृषीकेश कुऱ्हाडे, नवरी ऋद्धी भामरे, मुहूर्त दुपारी १२ वा. ५१ मि. (नावं बदलून देतेय, पण जोडाक्षरं अस्सल आहेत तेवढीच अवघड.) कसं ठरवायचं?
– वैतागलेली करवली, नाशिक

अगं करवले, आधी ती सॅम्पलची पीडीएफ परत उघड आणि पाचही ओळींत काय लिहिलंय ते बघ. पैजेवर सांगते, ‘शुभविवाह’ असणार, फार तर खाली ‘सस्नेह निमंत्रण’. आता हे शब्द आपण जन्मभर पाहिलेत, ते आपण वाचतच नाही, ओळखतो. अक्षरं उलटीपालटी केली तरी ‘शुभविवाह’च दिसेल कारण पत्रिकेवर दुसरं असणार काय. पण ‘कुऱ्हाडे’ आणि ‘भामरे’ हे नवरीच्या मावशीच्या शेजारणीला माहीत नाहीत, तिला ते अक्षर अक्षर लावून वाचावे लागणार, आणि तारीख तर अंदाजानं कुणालाच वाचता येत नाही. म्हणजे जे शब्द कुठल्याही फॉन्टात खपून जातात नेमके त्यांच्यावरून तुम्ही भांडताय. डिझायनरला सांग की पाचही फॉन्टात मला या ओळी टाकून दे:

चि. हृषीकेश
चि. सौ. कां. ऋद्धी
कुऱ्हाडे – भामरे
रविवार, दि. २९ नोव्हेंबर २०२६
दुपारी १२ वा. ५१ मि.

आणि खाली कार्यालयाचा पूर्ण पत्ता, बारीक अक्षरात, जसा पत्रिकेत येणार तसा.

इथे एक गंमत आहे जी डिझायनर लोक सांगत नाहीत, बऱ्याचदा त्यांच्याही लक्षात येत नाही. सगळ्या ओळी ‘२४ पॉइंट’ला लावल्या म्हणजे सारख्या आकाराच्या झाल्या असं नसतं. पॉइंट हा आकडा अख्ख्या चौकटीचा असतो, त्यात वरची वेलांटी, मात्रा, खालचा उकार या सगळ्यासाठी जागा धरलेली असते, आणि कुणी ती जागा जास्त धरतो कुणी कमी. त्यामुळे एका फॉन्टातला २४चा ‘क’ दुसऱ्यातल्या २४च्या ‘क’पेक्षा चांगला बुटका निघतो आणि घरातले म्हणतात हा फॉन्ट वाचायला अवघड आहे, खरं तर तो फक्त लहान छापलेला असतो. म्हणून पॉइंट विसर, प्रिंट काढ आणि कंपासपेटीतली पट्टी घे. शिरोरेषेपासून दांडीच्या खालच्या टोकापर्यंत ‘क’ किती मिलीमीटर भरतो ते बघ, नावाच्या ओळीत सगळीकडे साधारण ६ मिमी आणि पत्त्याच्या ओळीत साधारण अडीच मिमी येईल असं करून घे, मगच पाचांना शेजारी शेजारी ठेव. मला वाटतं बाबांच्या ‘लागत नाही’मधलं निम्मं इथेच संपेल. (रेघ नसलेल्या त्या पाचव्यात शिरोरेषा कुठून धरायची हा प्रश्न तुला पडेल, तर अक्षराच्या डोक्यापासून मोज.)

आता पाचव्याचंच घेते, कारण भाऊ अडून बसलाय. शिरोरेषा काढली की काय बिघडतं हे लोकांना वाटतं की सवयीचा प्रश्न आहे, गुजरातीला कुठे रेघ असते, ते वाचतातच की. वाचतात, पण त्यांची अक्षरं तशी घडलेली आहेत. आपल्याकडे ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक काय आहे बघ. ‘म’ वर पूर्ण झाकलेला, ‘भ’च्या डाव्या बाजूला रेघ तुटलेली आणि तिथे एक छोटी गाठ. ‘ध’ आणि ‘घ’ तसंच, ‘घ’वर रेघ सलग, ‘ध’वर उघडी. म्हणजे या जोड्यांमधला फरक बऱ्याच अंशी त्या रेघेतच आहे, आणि तुम्ही तीच काढून टाकली. उरते ती गाठ, आणि ‘मॉडर्न’ फॉन्टात ती गाठ पण साधी सरळ करून टाकलेली असते. मग भामरेंचे मामरे होतात. तुमच्या घरात हसाल, व्याह्यांच्या घरात कुणी हसणार नाही. ऋद्धीतला ‘द्ध’ पण बघ, तो आधीच दाटीवाटीचं अक्षर आहे, ‘द’च्या पोटात ‘ध’ कोंबलेला, रेघेशिवाय तो एक गुंता दिसतो आणि वाचणारा ‘ऋद्वी’ की ‘ऋध्दी’ की आणखी काय याच्यात अडकतो.

भावाला समजवायला जाऊ नकोस, तो ऐकणार नाही, त्याऐवजी एक कर. ती प्रिंट घेऊन अशा माणसाकडे जा ज्याला नवरीचं नाव माहीत नाही, सोसायटीतले कुणी काका, दुकानदार, कुणीही पन्नाशीपुढचं. ‘कसं वाटतंय’ असं अजिबात विचारू नकोस, कारण त्याला उत्तर ‘छान आहे’ हेच येतं. मोठ्यानं वाचायला सांग. जिथे ते थांबतील, कार्ड जवळ किंवा लांब नेतील, किंवा चुकीचं वाचून पुढे जातील, तिथे पेन्सिलनं खूण कर. एकाच माणसाला पाचही नको वाचायला देऊस, दुसऱ्या वाचनापर्यंत नावं पाठ होतात, पाच सॅम्पलना पाच वेगळी माणसं. भाऊ शेजारी उभा असू दे. ‘मामरे’ एकदा कानावर पडलं की पुढचं तोच बोलेल.

त्याच्या बाजूनं एक सांगते मात्र. पाकिटावर किंवा कार्डाच्या दर्शनी पानावर एकटा ‘शुभविवाह’ हा शब्द असतो ना, तो मोठा, त्या पाचव्या फॉन्टात खुशाल घ्या. ओळखीचा शब्द, मोठा आकार, आजूबाजूला काही नाही, तिथे वाचण्याचा प्रश्नच येत नाही आणि दिसायला खरंच देखणं दिसतं, मी पण नाकारत नाही.

आता हृषीकेश कुऱ्हाडे. हे नाव म्हणजे फॉन्टची तोंडी परीक्षा आहे. ‘हृ’मध्ये ‘ह’ला ऋकार आहे, तो बऱ्याच फॉन्टात ‘ह’च्या पोटात किंवा मधे कुठेतरी जोडून येतो आणि ‘ह्र’ म्हणजे ‘ह’ला र जोडलेला तोही जवळपास तसाच दिसतो. दोन्ही शेजारी छापून घे, हृ ह्र, आणि लांबून बघ वेगळे दिसतात का. नाही दिसले तर तो फॉन्ट नावासाठी बाद असं मी म्हणणार नाही, कारण हृषीकेश हे नाव ओळखीचं आहे, लोक बरोबर वाचतील, पण मग टाइप करणाऱ्यानं चुकून ‘ह्रषीकेश’ मारलेलं तुम्हाला प्रुफात कळणारच नाही. म्हणजे वाचणाऱ्याला नाही, तपासणाऱ्याला घोटाळा.

‘ऱ्ह’चं प्रकरण याहून वाईट आहे. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर, अशा सगळ्या आडनावांची हीच रड. यात जो अर्धा र आहे तो ‘ह’च्या डाव्या बाजूला पापणीसारखी छोटी वाकडी रेघ होऊन बसायला हवा. रफार होऊन डोक्यावर चढला तर ‘कुर्हाडे’ झालं, ते चुकीचं. मराठीला लागतो तेवढा हिंदीला तो पापणीवाला र लागत नाही, त्यामुळे घाईत काढलेल्या सजावटी फॉन्टांत त्याच्याकडे कुणी लक्षच दिलेलं नसतं. मग तीन गोष्टी होऊ शकतात: र पूर्ण दिसतो आणि खाली पाय मोडलेला, किंवा र खाली नुक्त्याचा टिंब घेऊन वेगळाच उभा राहतो, किंवा त्या एका अक्षरापुरता कॉम्प्युटर दुसरा फॉन्ट उचलतो आणि नावाच्या मधोमध एक अक्षर बारीक नाहीतर वेगळ्या वळणाचं दिसतं. हे तिसरं लबाड आहे कारण पटकन नजरेत येत नाही, जाडी बघ, एक अक्षर शेजाऱ्यांपेक्षा फिकं वाटलं की समज. आणि कधी कधी दोष फॉन्टचा नसतोच, टाइप करताना साधा र, हलन्त, ह असं मारलेलं असतं, त्याचा नियमानं रफारच होणार. ऱ म्हणजे खाली टिंब असलेला र, मग हलन्त, मग ह, असं टाइप करायचं की पापणी येते. डिझायनरला नाव व्हॉट्सअ‍ॅपवर तूच बरोबर टाइप करून पाठव आणि म्हण कॉपी-पेस्ट कर, स्वतः मारू नकोस.

ते करूनही घात कुठे होतो ते ऐक. डिझायनरच्या मशीनवर सगळं ठीक, मग फाइल जाते प्रेसमध्ये, तिथला मुलगा ती त्याच्या जुन्या कोरलमध्ये उघडतो, मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टात बदलतो कारण त्याला त्याचीच सवय, आणि बदलताना पापणीवाला र, ‘द्ध’, कधी वेलांटी यांचा चुराडा होतो. आमच्याच घरात एका पत्रिकेवर आडनावातला र असा गेला होता, प्रुफ मी स्वतः बघितलं होतं, बरोबर होतं, छापून आलं ते वेगळंच, कारण मी प्रुफ बघितलं डिझायनरचं आणि छापली प्रेसची फाइल. चारशे पत्रिकांवर काळ्या पेननं पापण्या काढत बसलो होतो आम्ही चुलत बहिणी. म्हणून अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर करून, म्हणजे अक्षर आता अक्षर न राहता चित्र झालं, अशी पीडीएफ प्रेसला द्यायची आणि शेवटचं प्रुफ प्रेसच्याच मशीनवरून मागायचं. कर्व्ह केल्यावर स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही, तेव्हा आधी सगळ्या मोठ्यांच्या सह्या घे, अक्षरशः कागदावर सह्या.

आकडे आता. तुझ्या पत्रिकेत घातक जोडी आहे १ आणि ९. दोन्हीला वर गोल आणि खाली शेपटी, फरक इतकाच की गोल कुठल्या बाजूला वळतो आणि ९ला ती जरा जास्तीची आकडी. साध्या फॉन्टात कधीच घोटाळा होत नाही, पण लफ्फेदार किंवा हातवळणाच्या फॉन्टात शेपट्या लांबल्या की २९चे २१ होतात आणि ५१चे ५९. मुहूर्ताची आठ मिनिटं कुणी मनावर घेत नाही, लग्न तसंही पंधरा मिनिटं उशिरा लागतं, पण तारीख चुकली तर संपलं. तुमच्या बाबतीत एक बरं आहे की २९ रविवार आहे आणि २१ शनिवार, म्हणजे वार हा तुमचा राखणदार आहे. त्याला तारखेच्या शेजारी, तारखेएवढ्याच आकारात ठेवा. बऱ्याच डिझायनरांना ‘२९’ हा आकडा भला मोठा मधे ठेवून वार आणि महिना दोन्ही बाजूंना चिमुकल्या अक्षरात बसवायची हौस असते, बघायला छान, पण मग लोकांच्या डोक्यात नुसता आकडा जातो आणि राखणदार झोपलेला असतो.

दुसरं, मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे एकाच कार्डात मिसळू नका. मराठी १ हा इंग्रजी 9सारखा दिसतो आणि ४ हा 8सारखा. तुम्ही मुहूर्त मराठीत दिला आणि खाली मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत, की इंग्रजी शाळेतली भाचरं आणि तिकडे अमेरिकेत वाढलेले चुलत भाऊ दोन्हीकडे एकच नजर लावतात. सगळं मराठी ठेवा, मोबाइल नंबरसुद्धा, किंवा नंबर पत्रिकेतून काढूनच टाका, आजकाल पत्रिका ज्याला मिळते त्याच्याकडे तुमचा नंबर असतोच. आणि शके १९४८ लिहिणार असाल तर ते तारखेपासून लांब, वरच्या ओळीत मितीबरोबर ठेवा, २०२६च्या शेजारी १९४८ आलं की म्हातारी माणसं समजतात, तरणी माणसं विचारात पडतात.

५ आणि ८ या आकड्यांची, तसंच ‘ल’ आणि ‘श’ची वळणं सगळ्या फॉन्टांत सारखी नसतात, काहींत हिंदी छपाईत दिसतात तशी येतात. ती चूक नाही पण आपल्या डोळ्याला खटकतं, विशेषतः ‘ल’, आजीच्या पिढीला लगेच कळतं की ‘हे आपलं अक्षर नाही’. इथे टिरोचा मुद्दा येतो. त्या घराण्यात हिंदी, संस्कृत आणि मराठी असे वेगवेगळे फॉन्ट आहेत, तुमच्या यादीत मराठीवालाच आहे, त्यात अक्षरांची वळणं मराठी पद्धतीची ठेवलीयेत. मुळात ही अक्षरं पुस्तकांसाठी घडवलेली, हार्वर्डच्या छापखान्यातून निघणाऱ्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी, त्यामुळे बाबांना शाळेचं पुस्तक आठवलं यात त्यांचं चुकलं नाही, पुस्तकाचंच आहे ते. आणि पत्त्याची, तारखेची, ‘आपले विनीत’खालची ती लांबलचक नावांची रांग, हे सगळं पुस्तकासारखंच वाचायचं असतं की. तिथे माझं मत टिरोला, दुसरा विचार नाही.

आईचा रोझा वन मात्र तिथे अजिबात नको. त्यात जाड रेघ खूप जाड आणि बारीक रेघ केसासारखी, तोच त्याचा तोरा आहे. मोठ्या आकारात तो असा भरजरी दिसतो की पैठणीच्या काठाची आठवण यावी, पण अडीच मिलीमीटरला ती केसासारखी रेघ कागदावर टिकत नाही. आणि तुमचं तर फॉइल! फॉइल म्हणजे शाई नाही, तापलेला ठसा त्या सोनेरी पापुद्र्याला कागदावर दाबतो. बारीक रेघ तुटते, आणि त्याच वेळी बारीक फटी भरून जातात, दोन्ही एकदम. ‘द्ध’ची फट भरली की तो सोन्याचा ठिपका, ‘भ’च्या डोक्यावरची मोकळी जागा भरली की तो ‘म’. (बघ, परत मामरे. ते आडनाव सोडत नाहीये आपल्याला.) कागद खरबरीत, हातकागदासारखा असेल तर आणखीच. तेव्हा रोझा फक्त दोन नावांना, तेही ६ नाही, चांगलं ७-८ मिमी उंचीचं, आणि प्रेसवाल्याला विचार की याच कागदावर याच फॉइलनं केलेलं जुनं कार्ड दाखव. भिंगातून बघ, बारीक रेघा सलग आहेत का आणि ‘ध’, ‘भ’ यांच्या फटी उघड्या आहेत का. दाखवायला काही नसेल तर नावांचा तेवढा छोटा ठसा आधी करून दोन तुकड्यांवर मारून मागायचा, थोडे पैसे जातात, चारशे कार्डांपेक्षा कमीच.

मरूनवर सोनेरी वाचण्याबद्दल आणखी एक, हे घरी करून बघता येतं. असलं कुठलंही जुनं कार्ड ट्यूबलाइटखाली धर आणि हळूहळू तिरकं कर. एका कोनात सोनं झळकतं, दुसऱ्या कोनात ते काळपट होऊन मरूनमध्ये बुडतं. नाव असेल तर माणूस कार्ड हलवून वाचतो, पण आठ ओळींचा पत्ता कुणी कार्ड नाचवत वाचत नाही. म्हणून माझा सरळ सल्ला, बाहेरच्या मरून कार्डावर फॉइलमध्ये फक्त गणपती आणि दोन नावं, बाकी सगळा मजकूर आत मोतिया रंगाच्या पानावर, गडद मरून शाईत, साधी छपाई. फॉइलचा खर्चही कमी होतो कारण ठसा लहान.

आतल्या पानावर आकार कमी करून मजकूर कोंबायचा मोह होईल कारण दोन्हीकडचे काका-काकू, मामा-मामी सगळे यायला हवेत. पत्ता आणि वेळ १२ पॉइंटच्या खाली नेऊ नकोस, नावांची यादी हवी तर ११. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवायला सांग, १२च्या अक्षराला १८. इंग्रजीच्या सवयीनं लोक १४ ठेवतात आणि मग वरच्या ओळीतला ‘कु’चा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर जाऊन बसतो, दोन्ही कुणाचे ते कळत नाही. आणि हो, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब करण्याची फॅशन आहे ना इंग्रजी कार्डांत, ती आपल्याकडे करू देऊ नकोस, शिरोरेषेचे तुकडे पडतात, कपडे वाळत घालायची दोरी तुटल्यासारखं दिसतं. मोकळं हवं असेल तर शब्दांमधली जागा वाढव.

यात मूडचा विषय राहिला असं तुला वाटत असेल, पण खरं सांगू का, मूड नव्वद टक्के नावांच्या अक्षरांतून येतो आणि ती दोन ओळींची आहेत, तिथे आईचं ऐका. रोझा भारदस्त आहे, कार्यालयातलं दुपारचं लग्न, पंगत, शालू, त्याला शोभतो. यात्रा वन मला स्वतःला फार आवडतो, मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय तो, आणि म्हणूनच पत्रिकेत तो मजेशीर वाटतो, वाचायला उत्तम, पण ‘कृपया फलाट क्रमांक दोन’ असं ऐकू येतं. तुमच्याकडे हळदीचं वेगळं कार्ड किंवा कार्यालयाबाहेरचा ‘कुऱ्हाडे–भामरे’ बाण असलेला फलक करणार असाल तर तिथे तोच घे, लांबून गाडीतून वाचता येईल. ‘ऱ्ह’ची पापणी तिथेही तपासायची, फलक फ्लेक्सवाला तिसऱ्याच मशीनवर करतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत म्हणून छापील कार्डाचाच फोटो पाठवू नकोस. मोबाइलवर अख्खं कार्ड बोटभर होतं, त्यात फोटो दाबून लहान होतो, बारीक रेघा पहिल्यांदा जातात. वेगळी उभी प्रत करून घे, फिकी पार्श्वभूमी, गडद अक्षरं, फक्त नावं, वार-तारीख, वेळ, ठिकाण. आणि चित्राखाली तीच माहिती साध्या मेसेजमध्ये टाइप कर, कारण लग्नाच्या आदल्या रात्री लोक चॅटमध्ये कार्यालयाचं नाव शोधतात आणि चित्रातलं नाव सर्चला सापडत नाही, मग तुझा फोन वाजतो.

तुझा कलम राहिला. हातानं लिहिल्यासारखा, जरा कललेला, चिठ्ठीसारखा आपलेपणा आहे त्यात, पण चि. सौ. कां.च्या ओळीत तो घातला की पत्रिका केळवणाचं आमंत्रण वाटते. त्याची जागा तुला माहितेय खरं तर. आतल्या पानाच्या अगदी तळाशी, घरातल्या पिल्लांच्या नावानं ती ओळ असते ना, ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!’, ती कलममध्ये घे, १४ पॉइंटला, आणि खाली पिल्लांची नावं त्यांच्याकडूनच खऱ्या पेननं लिहून स्कॅन करून लाव. ऱ्ह त्यांना येत नसेल तर नुसतं पहिलं नाव चालेल.